चिकनकामाचा मलमल दुपट्टा आणि जॉर्जेट साडी: धुणे, खळ आणि पिवळेपणा (प्रकल्प नोंदी)

४ नोव्हेंबर २०२४ : दाखल

एकाच घरातून दोन वस्तू आल्या आहेत. दोन्ही लखनौच्या चौकातून घेतलेल्या, पांढऱ्यावर पांढरे चिकनकाम. पहिली सुती मलमलीचा दुपट्टा, २४० × ९० सेंमी. दुसरी जॉर्जेटची साडी, लांबी ५४८ सेंमी. घरच्यांची तक्रार दोन्हींबद्दल एकच: "पिवळी पडली, शुभ्र करून द्या." पण दोन्हींचा पिवळेपणा शेजारी ठेवून पाहिला तर एकसारखा नाही.

दुपट्टा पुठ्ठ्याच्या खोक्यात, खळ दिलेल्या कडक घडीत, बरीच वर्षे एकाच पद्धतीने घडी होऊन पडलेला. सगळे कापड सायीच्या रंगाचे झाले आहे आणि घडीच्या रेघांवर तपकिरी पट्टे आहेत. एका कोपऱ्यात टाचणीने लावलेल्या चिठ्ठीच्या जागी गंजाचे दोन ठिपके. काम बारीक आहे. पाकळ्यांत उलटी बखिया, परागांच्या जागी गाठीसारखा फंदा, पानांच्या टोकांना दाण्यासारखी मुर्री, आणि दोन्ही पदरांच्या मोठ्या फुलांत सिद्धौल प्रकारची जाळी. धागा कच्चा, म्हणजे पीळ न दिलेला सुती.

साडी जाड प्लास्टिकच्या पिशवीत होती. तिचा पिवळा रंग लिंबाकडे झुकणारा, आणि तो घडीच्या बाहेरच्या कडांवरच आहे. आतल्या घड्या उलगडल्यावर बऱ्यापैकी पांढऱ्या निघाल्या. हात लावला की कागदासारखी करकरते. कधीतरी साडी पॉलिश करून आणली होती असे घरच्यांनी सांगितले.

उलट बाजूंचे फोटो काढून ठेवले. चिकनमध्ये सुलट बाजूपेक्षा उलट बाजू जास्त बोलते. उलट्या बखियेत धाग्याचे लांब टाके कापडाच्या मागून जातात आणि पारदर्शक कापडातून त्यांची सावली पुढे दिसते. दुपट्ट्यात हे मागचे टाके तीन ठिकाणी ओढले गेलेत. साडीच्या मागे गाठींची शेपटे लांब सोडली आहेत, धुताना तीच अडकतात.

५ नोव्हेंबर : धागा कशाचा

काठाच्या आतल्या शिलाईतून अर्धा सेंटीमीटरचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून जाळले. दुपट्टा: कागद जळल्याचा वास, करडी भुसभुशीत राख, म्हणजे सूत. साडीचा मूळ धागा: केस जळल्याचा वास, ज्योतीतून काढल्यावर विझतो, काळा मणी होतो पण बोटात चुरडला जातो, म्हणजे रेशीम. वितळून टणक मणी झाला असता तर पॉलिएस्टर. कागदासारखा भुरकन जळला असता तर व्हिस्कोस.

साडीवरच्या भरतकामाचा धागाही वेगळा जाळून पाहिला. तो सुती निघाला. म्हणजे या साडीत दोन स्वभाव एकत्र आहेत. सुताला अल्कली चालते पण आम्ल राहून गेलेले चालत नाही. रेशमाचे नेमके उलट, त्याला सौम्य आम्ल मानवते आणि अल्कलीने ते खरबरीत होऊन झिजते. मर्यादा नेहमी नाजूक भागाने ठरवायची, म्हणून साडीसाठी रेशमाचे नियम. भरत कितीही पिवळे दिसले तरी सुताचे उपाय साडीवर करायचे नाहीत.

जॉर्जेट नुसते "प्युअर" म्हणून विकले जाते, त्यामुळे ही जाळून पाहण्याची दोन मिनिटे कधीही वाचवू नयेत. व्हिस्कोस जॉर्जेट असेल तर ओले असताना त्याची ताकद निम्म्यावर येते आणि पाण्यातून उचलतानाच फाटू शकते. पॉलिएस्टर असेल तर बहुतेक काळजी उरतच नाही, फक्त इस्त्री कोमट ठेवायची.

६ नोव्हेंबर : पिवळेपणाचे कारण शोधणे

चार चाचण्या केल्या. सगळ्या घरी जमतील अशाच.

खळ आहे का: कापडावर पाण्याचा थेंब ठेवून दोन मिनिटांनी त्यावर टीपकागद दाबला आणि मग टीपकागदावर टिंक्चर आयोडीनचा पातळ केलेला थेंब टाकला. आयोडीन थेट कापडावर टाकू नये, विनाकारण नवा डाग होतो. दुपट्ट्याच्या कागदावर थेंब काळा-निळा झाला, म्हणजे भरपूर खळ. साडीच्या कागदावर रंग बदलला नाही. तिचा कडकपणा खळीचा नाही, पॉलिशमधल्या कृत्रिम गोंदाचा.

आम्ल की अल्कली: ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाकून त्यावर पीएच पट्टी दाबली. दुपट्ट्याच्या घडीच्या रेघेवर ५ च्या आसपास, मधल्या भागात ६. साडीवर ८ ते ९, म्हणजे मागच्या धुण्यातला सोडा पूर्ण निघालेला नाही.

व्हिनेगर: साडीच्या पिवळ्या कडेवर पांढरे व्हिनेगर लावलेला कापूस दाबून धरला. काही मिनिटांत तेवढी जागा फिकी झाली. मग त्याच जागेवर अमोनियाच्या बाटलीचे तोंड जवळ धरले, तर पिवळा रंग परत आला. हा खेळ एकाच प्रकारच्या पिवळेपणात दिसतो. प्लास्टिक पिशव्यांमध्ये टिकाऊपणासाठी बीएचटी नावाचे द्रव्य घालतात. ते हळूहळू कापडात उतरते आणि वाहनांच्या व गॅसच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडशी मिळून पिवळा रंग तयार होतो. तो अल्कलीत दिसतो, आम्लात मावळतो. हवा जिथे लागते तिथेच तो होतो, म्हणून पिवळे फक्त घडीच्या बाहेरच्या कडांवर. हे डाग रेशीम खराब झाल्याचे नाहीत, वरून बसलेल्या रंगाचे आहेत. ही बातमी चांगली.

दुपट्ट्यावर व्हिनेगरचा काहीच परिणाम नाही. तो पिवळेपणा सुताच्या स्वतःच्या ऱ्हासाचा आणि जुन्या खळीचा.

अतिनील टॉर्च: अंधारात दुपट्ट्यावर पाडला तर पदराकडचा भाग निळसर चमकतो, मधला नाही. कुणीतरी पूर्वी फक्त पदर धुण्याच्या पावडरने चोळून धुतले असणार, त्यातले चकाकी आणणारे द्रव्य तिथे राहिले आहे. धुतल्यानंतर दिवसाच्या उजेडात पदर आणि मधला भाग थोडे वेगळे दिसण्याची शक्यता आहे. घरच्यांना आत्ताच कळवले.

७ नोव्हेंबर : लखनौमध्ये काय होते, ते इथे का महत्त्वाचे

सोबत काम करणाऱ्या नव्या मंडळींसाठी ही नोंद. लखनौमध्ये कापड बेतून शिवले की लाकडी ठशांनी निळी छपाई होते. हा निळा रंग मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. मग कापड आसपासच्या गावांतल्या बायकांकडे भरायला जाते. एकच कपडा बखियेसाठी एका घरी, मुर्री-फंद्यासाठी दुसऱ्या आणि जाळीसाठी तिसऱ्या घरी फिरतो. महिनोन्महिने हाताळून तो परत येतो तेव्हा निळा आणि मळका असतो. त्यानंतर धोबी तो भिजवतो, आपटतो, ब्लीच करतो, खळवतो (तिकडे कलफ म्हणतात) आणि इस्त्री करतो.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, पांढरी जॉर्जेट साडी भरल्यानंतर एकदा पाण्यातून गेलेली असतेच, म्हणून "जॉर्जेट आहे, पाणी लावायचेच नाही" हे तिच्याबाबतीत खरे नाही. दुसरी, शेवटचा कलफ दुकानात कपडा उठावदार दिसावा म्हणून असतो, साठवणीसाठी नाही. लोक नेमकी तीच खळ तशीच ठेवून कपडा कपाटात टाकतात.

दुपट्ट्यात दोन पाकळ्यांच्या बखियेखाली फिकट निळी रेघ दिसते. तो डाग नव्हे, टाक्याखाली अडकलेली छपाई आहे. तिच्यामागे लागायचे नाही.

८ नोव्हेंबर : गंज

गंज आधी काढायचा, कारण पुढे दुपट्ट्याला ऑक्सिजन ब्लीच लागणार आहे. कापडात लोह असेल तर त्या जागी ब्लीचमधले पेरॉक्साइड एकदम जोरात फुटते आणि सुताचे धागेच तोडते. वर्षानुवर्षे टिकलेल्या मलमलीला धुतल्यावर नेमके गंजाच्या जागी भोक पडते ते याच कारणाने, आणि दोष ब्लीचच्या माथी जातो.

१०० मिली कोमट पाण्यात ५ ग्रॅम सायट्रिक आम्ल. ठिपक्याखाली टीपकागदाची घडी, वरून कापसाने थेंब-थेंब, दर पाच मिनिटांनी खालचा कागद बदलला. एक ठिपका अर्ध्या तासात गेला. दुसरा फिका झाला पण अडून राहिला, म्हणून त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचे १ टक्का द्रावण. हे विषारी आहे. हातमोजे हवेत, आणि द्रावण स्वयंपाकघरातल्या भांड्यात करू नये. ठिपका गेल्यावर तेवढा कोपरा सात-आठ वेळा साध्या पाण्यातून काढला आणि पट्टी ७ दाखवेपर्यंत थांबलो नाही. आम्ल सुतात सुकले की काही महिन्यांत तिथले कापड ठिसूळ होते.

९ नोव्हेंबर : दुपट्ट्याची खळ उतरवणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. पिवळ्या कपड्यावर लोक थेट ब्लीच ओततात. ते ब्लीच खळीवरच खर्च होते, कापडापर्यंत थोडे पोचते आणि वर ती खळ आणखी पिवळी पडते.

कोरडे वजन १६३ ग्रॅम. दुपट्टा मच्छरदाणीच्या जाळीच्या दोन तुकड्यांत ठेवून चारी बाजूंनी सैल धावदोरा घातला. ओढलेले बखियेचे टाके आधी सुईने मागून सारखे केले. यापुढे कापड नेहमी मच्छरदाणीसकट उचलायचे. भरतकामातल्या जाळीच्या फुलांत कापडाचे धागे कापलेले नसतात, फक्त सुईने बाजूला सारून टाक्यांनी बांधलेले असतात. त्यामुळे तिथे उभ्या-आडव्या धाग्यांवर कायमचा ताण असतो आणि ओल्या कापडाचे वजन त्याच ठिकाणी फाडते.

पहिले पाणी गार, १२ लिटर, पसरट प्लास्टिकच्या तसराळ्यात. अर्ध्या तासात पाणी कोऱ्या चहासारखे झाले. हा मळ नव्हे. जुन्या सुताचे तुटलेले अंश पाण्यात विरघळतात त्यांचा हा रंग, आणि पिवळेपणाचा मोठा वाटा नुसत्या पाण्याने निघतो तो असा. पाणी फिके येईपर्यंत बदलत राहिलो.

त्यानंतरही आयोडीनची चाचणी काळी आली. जुनी खळ गार पाण्याला दाद देत नाही, ती वर्षानुवर्षे आवळून घट्ट होते. म्हणून खळ तोडणारे अमायलेज एन्झाइम घेतले, कापड प्रक्रियेच्या रसायनांच्या दुकानात मिळते. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, ५० अंश सेल्सिअसला एक तास. तापमान तापमापीने पाहिले. फार गरम पाण्यात एन्झाइम मरते, गार पाण्यात ते कामच करत नाही. तासाभराने टीपकागदावर आयोडीन तपकिरीच राहिले, खळ निघाली.

एन्झाइम मिळत नसेल तर एन्झाइम असलेली धुण्याची पावडर मलमलीला चालते, बहुतेकांत अमायलेज असते. जॉर्जेटला ती कधीच नाही. तिच्यात बहुधा प्रथिने तोडणारे प्रोटिएजही असते, आणि रेशीम प्रथिन आहे.

१० नोव्हेंबर : धुणे आणि ब्लीच

लिटरला १ ग्रॅम सौम्य द्रव साबण, ३५ अंश. चोळणे नाही, आपटणे नाही. स्पंजने मच्छरदाणीवरून वरखाली हलके दाबत राहायचे. कच्च्या धाग्याला पीळ नसतो, चोळले की त्याचे केस उभे राहतात आणि मुर्रीचा तांदळाच्या दाण्यासारखा ठसठशीत आकार कायमचा भुरकट होतो. ब्रशने घासलेले चिकन लांबूनच ओळखू येते.

इथे पाण्याविषयी. आमच्याकडचे बोअरचे पाणी जड आहे. साध्या साबणाची वडी या पाण्यात वापरली तर कॅल्शियमचा साबण बनतो, तो फंदा-मुर्रीच्या खोबणीत करडा थर होऊन बसतो आणि वर्षभरात पिवळा पडतो. म्हणून साबण द्रव आणि निदान शेवटची तीन पाणी आरओची.

मग ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट: १२ लिटर पाण्यात ६० ग्रॅम, ४० अंश. पूर्ण विरघळवून मगच कापड सोडले, कारण न विरघळलेला कण बसला की तिथे पांढरा ठिपका राहतो. कापड पूर्ण बुडालेले हवे. पाण्याबाहेर राहिलेला भाग वेगळ्या छटेचा होतो. पहिल्या अर्ध्या तासात मधला भाग स्पष्ट उजळला, घडीच्या रेघा तपकिरीवरून फिकट पिवळ्या झाल्या. एका तासाने बाहेर काढला.

रेघा पूर्ण गेलेल्या नाहीत. ताजे द्रावण करून पुन्हा बुडवावा का यावर चर्चा झाली, नाही असे ठरले. रेघेवर पीएच ५ होते, तिथले सूत आधीच आम्लाने कमकुवत झाले आहे. भिंगाखाली रेघेवरच्या धाग्यांचे बारीक तुकडे झालेले दिसतात. आणखी ब्लीच केले तर रेघ पांढरी होईल आणि तिथेच उसवेल.

क्लोरीनचे ब्लीच का नाही असे नेहमी विचारतात. पांढऱ्या सुताला ते चालते, धोबी वापरतातही. पण त्याचा अंश कापडात राहिला तर सूत महिनोन्महिने पोखरत राहते. वापरायचेच तर नंतर हायपोच्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या, पाण्यातून काढणे आवश्यक, आणि ही पायरी घरी कुणी करत नाही. रेशमाला क्लोरीन लावले तर ते पिवळे पडते आणि मग विरघळू लागते. तो पिवळेपणा कशानेही परत जात नाही.

शेवटी १२ लिटरला ६० मिली व्हिनेगर, पाच मिनिटे, परकार्बोनेटचा सोडा मारण्यासाठी. त्यानंतर पुन्हा साधे पाणी, पट्टी ७. नीळ द्यायची असेल तर व्हिनेगर पूर्ण निघाल्यावरच. पावडरची नीळ बहुधा अल्ट्रामरीन असते आणि आम्लात ती फुटून रंग उडतो. या दुपट्ट्याला नीळ दिली नाही. पदरात आधीच चकाकीचे द्रव्य आहे, नीळ दिली तर दोन भागांतला फरक वाढेल.

सुकवणे: पंच्यात गुंडाळून पाणी टिपले, मग सावलीत जाळीवर आडवे. दोरीवर नाही.

११ नोव्हेंबर

सुकल्यावर वजन १५४ ग्रॅम. खळ आणि मळ मिळून ९ ग्रॅम निघाले. मधला भाग पांढरा, पण नव्या कापडाचा निळसर पांढरा नव्हे, दुधाळ. घडीच्या रेघा हातभर अंतरावरून जेमतेम दिसतात. पदर टॉर्चखाली अजून वेगळा चमकतो, दिवसा फरक कळत नाही.

१३ नोव्हेंबर : साडी

रेशमी जॉर्जेटचा धागा करकचून पिळलेला असतो, एक उजव्या पिळाचा आणि एक डाव्या पिळाचा असे आलटून पालटून. पाणी लागले की पीळ आवळतो आणि कापड आक्रसते. भरतकामाचा सुती धागा तेवढा आक्रसत नाही, म्हणून प्रत्येक बुट्ट्याभोवती कापड फुगून चुण्या पडतात. साडी खराब झाली असे वाटते, पण हे ओलेपणीच ताणून मापावर आणता येते. म्हणून आधी माप. लांबी ५४८, रुंदी चार ठिकाणी मोजून लिहिली, बुट्ट्यांमधली अंतरे फोटोत मोजपट्टी ठेवून.

पहिले पाणी २८ अंश, त्यात लिटरला १ ग्रॅम एन्झाइम नसलेला सौम्य द्रव साबण. साडी झिगझॅग घडीने जाळीवर सोडली. दहा मिनिटे हलके दाबत राहिलो. पाणी गढूळ आणि बोटांना किंचित बुळबुळीत झाले, पॉलिशचा गोंद सुटत होता. दुसऱ्या पाण्यात तो बुळबुळीतपणा गेला आणि करकर थांबली. हे नशीब म्हणायचे. काही पॉलिशमध्ये उष्णतेने पक्के होणारे राळेसारखे द्रव्य असते, ते पाण्याने सुटत नाही. ते असते तर साडी तशीच ठेवावी लागली असती.

मग पिवळेपणासाठी: लिटरला १० मिली पांढरे व्हिनेगर, पंधरा मिनिटे. कडांवरचा लिंबाचा रंग डोळ्यांदेखत मावळला. पण मावळला म्हणजे निघाला असे नाही, तो आम्लात फक्त दिसेनासा होतो. त्यामुळे पुन्हा साबणाचे पाणी, पुन्हा साधे पाणी, आणि शेवटी लिटरला अर्धा ग्रॅम सायट्रिक आम्लाचे पाणी, जे धुवून टाकायचे नाही. व्हिनेगर सुकताना उडून जाते, सायट्रिक आम्ल राहते आणि उरलेला रंग परत वर येऊ देत नाही. भरतकामाच्या सुतासाठी हे थोडे वाईट, म्हणून मात्रा कमी ठेवली. सुकल्यावर पट्टी ६ च्या आसपास यायला हवी. ५ च्या खाली गेली तर पुन्हा साध्या पाण्यातून काढायचे.

मधल्या भागात हलकी सायीची छटा राहिली. ती रेशमाची स्वतःची, उजेडाने आणि वयाने आलेली. पेरॉक्साइडने आणखी उजळता आली असती, पण त्यासाठी पाणी अल्कलीकडे न्यावे लागते. जुने रेशीम ओले असताना आधीच कमजोर असते, त्यात गाठींची शेपटे. केले नाही.

ओल्या साडीची लांबी ५३१ भरली. टेबलावर पांढरे पंचे पसरून, भाग-भाग करत, दर २० सेंमीवर स्टेनलेस टाचण्यांनी काठ मूळ रुंदीला लावला, मग लांबीला हळूच ताणले. बुट्ट्यावर टाचणी लावायची नाही, बुट्ट्यांच्या मधे हात फिरवून चुण्या काढायच्या. सुकल्यावर ५४५.

१५ नोव्हेंबर : कडकपणा

दुपट्टा जानेवारीत एका लग्नात वापरायचा आहे, म्हणून त्याला खळ हवी. तवकिलीची घेतली. तांदळाच्या पेजेपेक्षा ती स्वच्छ दिसते आणि साबुदाण्यापेक्षा कमी चिकट. बारीक मलमलीला लिटरला ४ ग्रॅम पुरते. साडीच्या काठापदराला देतो तसली १०–१२ ग्रॅमची खळ दिली तर जाळीच्या भोकांवर पापुद्रा धरतो आणि जाळी बुजते.

कृती: तवकील थोड्या गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात धारेने सोडायची, ढवळत राहायचे, पांढरट पाणी पारदर्शक झाले की उतरवायचे. कच्ची राहिली तर सुकल्यावर फुलांच्या खोबणीत पांढरी भुकटी दिसते. मलमलीच्या फडक्यातून गाळून, कोमट असताना ओल्या दुपट्ट्याला एकदा बुडवून दाबून काढायची. कोरड्या कापडाला दिली तर ती ठिगळठिगळ बसते.

इस्त्री थोड्या ओलसर कापडावर, जाड पंच्याच्या चार घड्यांवर दुपट्टा पालथा घालून, उलट बाजूने. सुलट बाजूने केली की मुर्री चपटी होते आणि परत उठत नाही. इस्त्री जास्त तापली तर खळ करपते आणि ताजाच पिवळेपणा येतो. या हौसेच्या पायी आधीची सगळी मेहनत वाया गेलेले कपडे वरचेवर येतात.

साडीला खळ नाही. जॉर्जेटची शोभा तिच्या लोळण्यात आहे. तरी घरच्यांना थोडा "हात" हवा असेल तर बाभळीचा स्वच्छ डिंक लिटरला ३ ते ५ ग्रॅम, भिजवून गाळून, फक्त शेवटच्या पाण्यात, आणि तोही नेसण्याआधी. इस्त्री रेशमाच्या तापमानावर, उलट बाजूने, वर पातळ फडके.

१८ नोव्हेंबर : परत देताना सांगितलेले

दुपट्टा लग्नात वापरून झाला की खळीसकट कपाटात जाणार नाही. कोमट पाण्यात भिजवून, आयोडीनची चाचणी करून, खळ पूर्ण निघाल्यावरच. खळ असली की झुरळे आणि कसर येतात, दमट हवेत बुरशी धरते आणि खळच पुढे पिवळी-तपकिरी होते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे एका वर्षात घडू शकते.

पुठ्ठा आणि प्लास्टिक दोन्ही बंद. पुठ्ठ्यातले आम्ल सुतात उतरते, प्लास्टिकचे वर लिहिलेच आहे. मांजरपाट घ्यायचा, पण नवा मांजरपाट स्वतःच खळवलेला असतो, तो दोनदा उकळून धुऊन मग वापरायचा. दोन्ही वस्तू मांजरपाट गुंडाळलेल्या जाड नळीवर सैल गुंडाळायच्या, भरतकाम बाहेरच्या बाजूला. नळीची जागा नसेल तर घडी चालेल, पण घडीत त्याच मांजरपाटाची वळकटी ठेवायची आणि दर तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदलायची. टाचणी, स्टेपलची पिन, लोखंडी हुक काही नाही. डांबरगोळ्या कापडाला टेकणार नाहीत. कडुनिंबाचा पाला थेट घडीत नाही, ओलसर असला तर डाग देतो. अत्तर वापरायचेच तर अंगाला, कापडाला नाही.

२२ सप्टेंबर २०२५ : पावसाळ्यानंतरची तपासणी

दोन्ही पुन्हा मागवून पाहिल्या. साडीच्या बाहेरच्या कडा पांढऱ्याच आहेत, पट्टी ६. पाच-सहा इंचांच्या एका पट्ट्यावर किंचित लिंबाचा रंग आहे, तिथे पट्टी ७.५ दाखवते. बहुधा घाम किंवा साबणाचे पाणी लागले असावे. व्हिनेगरचा कापूस दाबला तर मावळला. तेवढ्या जागी सायट्रिक आम्लाचे पाणी देऊन, टिपून सुकवली. पूर्ण धुण्याची गरज नाही.

दुपट्ट्याच्या घडीच्या दोन रेघा नोव्हेंबरच्या फोटोपेक्षा जराशा गडद दिसतात. आयोडीन तपकिरी राहिले, म्हणजे खळ नीट काढली होती. गडदपणा जुन्या कमकुवत सुताचा, ते झिजतच राहणार. ब्लीच नाही. साध्या आरओ पाण्यात दोनदा भिजवल्यावर पाणी किंचित पिवळसर झाले आणि रेघा पुन्हा फिक्या पडल्या. वर्षातून एकदा एवढेच करायचे असे चिठ्ठीवर लिहून नळीच्या आत ठेवले. रेघेच्या मागून क्रेपलीन या अगदी पातळ रेशमी कापडाच्या पट्ट्यांचा आधार द्यायचा आहे, त्याचे माप घेतले: दोन पट्ट्या, प्रत्येकी ९० × ३ सेंमी.